फरकाचा भाव आणि बेरजेचा भाव

जानेवारी २०१९. पुण्यात बालेवाडीच्या टेनिस संकुलात टाटा ओपन महाराष्ट्र स्पर्धेचा अंतिम सामना. एका बाजूला दक्षिण आफ्रिकेचा केविन अँडरसन, उंची सहा फूट आठ इंच. दुसऱ्या बाजूला क्रोएशियाचा इव्हो कार्लोविच, उंची सहा फूट अकरा इंच आणि चाळिशीला दोन महिनेही उरलेले नाहीत. निकाल लागला ७-६, ६-७, ७-६ असा, अँडरसनच्या बाजूने. सेट तीन झाले आणि तिन्ही टायब्रेकरवर गेले.

या दोघांची सर्व्हिस ज्यांनी पाहिली आहे, त्यांना याचं फारसं नवल वाटलं नसेल. ‘टायब्रेकर तर होणारच होता,’ असं कुणीही म्हणेल. मला मात्र त्या ‘होणारच’ या शब्दापाशी थांबावंसं वाटतं. होणारच म्हणजे किती? शंभरातल्या नव्वद वेळा, की चाळीस वेळा? आणि सर्व्हिस बरी पण भेदता येण्याजोगी असलेले दोन साधे खेळाडू समोरासमोर आले, तर किती वेळा?

ब्रिटनमध्ये या प्रश्नाचं उत्तर रोज द्यावं लागतं, तेही सामना सुरू होण्याआधी. तिथे पैजा घेणाऱ्या परवानाधारक कंपन्या प्रत्येक सामन्यासाठी भाव जाहीर करतात. पहिला सेट कोण जिंकेल याचा एक भाव, पहिल्या सेटमध्ये टायब्रेकर होईल की नाही याचा दुसरा. आपल्याकडे हा व्यवहार कायद्याला मान्य नाही आणि हा लेख पैसे लावण्यासाठी नाही. पण भाव म्हणजे शेवटी शक्यताच, वेगळ्या पद्धतीने लिहिलेली. ४.०० हा भाव म्हणजे एका रुपयाचे चार रुपये परत; तो रास्त ठरायचा तर ती गोष्ट चारातून एकदा घडायला हवी. शक्यता काढली, तिने एकाला भागलं, की रास्त भाव मिळतो. खरा प्रश्न शक्यता कशी काढायची हा आहे, आणि तिचं उत्तर दोनच आकड्यांतून निघतं: पहिला खेळाडू आपल्या सर्व्हिसचे शंभरातले किती गेम राखतो, आणि दुसरा किती राखतो.

हे दोन आकडे मिळवण्यातच पहिली चूक होते, म्हणून थोडं तिथून सुरू करू. पुरुषांच्या व्यावसायिक टेनिसमध्ये शंभरातले ऐंशीच्या आसपास गेम सर्व्हिस करणारा जिंकतो. महिलांच्या टेनिसमध्ये हा आकडा पासष्टच्या आसपास असतो. समजा ‘अ’ नावाचा खेळाडू वर्षभरात आपल्या सर्व्हिसचे ८८ टक्के गेम राखतो. पण हे ८८ त्याने कुणासमोर राखले? सर्वसाधारण प्रतिस्पर्ध्यांसमोर. आज त्याच्यासमोर ‘ब’ आहे, आणि ब हा सर्व्हिस परतवण्यात सरासरीपेक्षा चांगला आहे. सरासरी खेळाडू समोरच्याचे २० टक्के गेम भेदतो, ब २३ टक्के भेदतो. म्हणून अ च्या ८८ मधून हे जास्तीचे तीन वजा करायचे: ८५. ब स्वतः ८४ टक्के गेम राखतो, पण अ समोरच्याचे २४ टक्के गेम भेदणारा, म्हणजे सरासरीहून चार जास्त. तेव्हा ब चे राहिले ८०.

ऑस्ट्रेलियातल्या ट्रिस्टन बार्नेट आणि स्टीफन क्लार्क यांनी २००५ मध्ये ही वजाबाकी नीट सूत्रात मांडली. त्यांनी ती गेमवर न करता सर्व्हिसवरच्या गुणांवर केली, आणि त्यात स्पर्धेच्या कोर्टचा स्वभावही धरला: हिरवळीवर सर्व्हिसचा आकडा वर सरकतो, मातीवर खाली येतो. गुणांवर करण्यामागे शहाणपण आहे. गेमच्या टक्क्यांत साधी वजाबाकी टोकाला गेली की बिघडते. ९५ टक्के गेम राखणाऱ्यासमोर फक्त १० टक्के गेम भेदणारा आला, तर बेरीज १०५ होते, आणि शंभरातले एकशे पाच गेम कुणी राखत नाही. मधल्या पट्ट्यात मात्र गेमवरची वजाबाकी पुरेशी चालते. आपले आकडे आता ठरले: अ ८५, ब ८०.

टायब्रेकर व्हायचा तर आधी ५-५ व्हायला हवं. बहुतेक जण इथे एक सोपा हिशेब करतात: टायब्रेकर म्हणजे बाराही गेम सर्व्हिस करणाऱ्याने राखले. दोघांनी आपापला एकेक गेम राखण्याची शक्यता ०.८५ गुणिले ०.८०, म्हणजे ०.६८. अशा सहा जोड्या, म्हणून ०.६८ चा सहावा घात, म्हणजे जेमतेम १० टक्के. रास्त भाव दहाच्या पुढे. हा हिशेब साफ चुकीचा आहे, आणि चूक लहान नाही, दुपटीहून मोठी आहे.

कारण टायब्रेकरला जाण्यासाठी सर्व्हिस अभेद्य राहायला हवी अशी अटच नाही. दोघांनी एकमेकांची सर्व्हिस सारख्याच वेळा भेदली पाहिजे, एवढीच अट आहे. दहा गेममध्ये दोघांच्या वाट्याला पाच-पाच सर्व्हिस गेम येतात. दोघांचाही एकही गेम गेला नाही तर ५-५. दोघांचा एकेक गेला तरी ५-५. दोन-दोन गेले तरीही ५-५. यातल्या प्रत्येक प्रकाराची शक्यता वेगळी काढून बेरीज करायची.

एकही गेम न जाण्याची शक्यता ०.६८ चा पाचवा घात, म्हणजे १४.५ टक्के. आता दोघांचा एकेक गेम गेला असा प्रकार घ्या. अ चा पाचातला कुठलाही एक जाऊ शकतो, ब चा पाचातला कुठलाही एक. पाच पंचे पंचवीस प्रकार झाले. प्रत्येक प्रकारात चार जोड्या राखलेल्या, म्हणजे ०.६८ चा चौथा घात, आणि एक जोडी गमावलेली, म्हणजे ०.१५ गुणिले ०.२०, म्हणजे ०.०३. हा तुकडा सुटा पाहिला तर चिमुकला आहे, पण पंचवीसने गुणला की १६ टक्के होतो, म्हणजे एकही गेम न जाण्याच्या शक्यतेपेक्षाही जास्त! दोन-दोन गेम जाण्याचे शंभर प्रकार आहेत आणि त्यांची शक्यता २.८ टक्के. त्यापुढचं सगळं मिळून एक दशांश टक्का. एकूण ५-५ होण्याची शक्यता ३३.५ टक्के.

तिथून ६-६ व्हायचं तर पुढच्या दोन गेममध्ये एकतर दोघांनी सर्व्हिस राखायची (०.६८) किंवा दोघांनी गमवायची (०.०३). मिळून ०.७१. म्हणून टायब्रेकरची शक्यता ३३.५ च्या ७१ टक्के, म्हणजे २३.८ टक्के. रास्त भाव ४.२०. सोप्या हिशेबाने हाच भाव दहाच्या वर सांगितला होता. या दोघांमधल्या टायब्रेकरपैकी निम्म्याहून जास्त असे असतील, की ज्यांत आधी सर्व्हिस गेली आणि मग परत मिळवली गेली. टीव्हीवर ब्रेक झाला की समालोचक सेट जवळजवळ संपल्यासारखं बोलू लागतात. या खेळाडूंच्या बाबतीत ते घाईचं ठरतं.

आता पहिला सेट कोण जिंकेल? इथे अडचण अशी दिसते, की सेट ६-० वर संपू शकतो, ६-१ वर, ६-३ वर. प्रत्येक वेळी गेमची संख्या वेगळी आणि सर्व्हिस कुणाकडे होती तेही वेगळं. प्रत्येक गुणफलकाचा वेगळा हिशेब करत बसलं तर दुपार जाते. पण यावर एक युक्ती आहे, आणि मला ती फार आवडते. सेट ६-२ वर संपला तरी उरलेले दोन गेम मनातल्या मनात खेळवायचे, म्हणजे दहाही गेम पुरे करायचे. अ सहा गेम जिंकून मोकळा झालाच आहे, पुढचे दोन गेम कुणीही जिंकले तरी अ चे दहातले किमान सहा राहणारच. उलट, दहातले सहा किंवा जास्त गेम अ चे असतील, तर ब कडे चारच्या वर गेम नाहीत, म्हणजे वाटेत कुठेतरी अ ने सेट खिशात घातला होताच. तेव्हा ६-४ किंवा त्याहून सोपा विजय म्हणजे ‘दहा गेममध्ये अ ने ब ची सर्व्हिस, ब ने अ ची भेदली त्यापेक्षा जास्त वेळा भेदली’, बस एवढंच.

ब चे पाच सर्व्हिस गेम, प्रत्येक गेम जाण्याची शक्यता २० टक्के. अ चे पाच, प्रत्येकाची १५ टक्के. शाळेत बारावीला शिकवलेलं द्विपद वितरण इथे पुरतं. हिशेब केला की अ पुढे राहण्याची शक्यता ४०.९ टक्के येते, ब पुढे राहण्याची २५.५ टक्के, आणि उरलेले ३३.५ टक्के म्हणजे मघाचं ५-५. तिथून अ ने ७-५ जिंकायचं तर आपली सर्व्हिस राखून ब ची भेदायला हवी: ०.८५ गुणिले ०.२०, म्हणजे ०.१७. त्यातून आणखी ५.७ टक्के अ ला मिळतात, आणि ब ला तशाच रीतीने ४.० टक्के. टायब्रेकरपूर्वी अ चे झाले ४६.६, ब चे २९.६. मधले २३.८ टक्के टायब्रेकरचे.

टायब्रेकर निम्मा-निम्मा वाटून टाकावा असा मोह होतो, आणि तो तितकासा वाईटही नाही. पण तो नीट करता येतो. ८५ टक्के गेम राखणारा खेळाडू आपल्या सर्व्हिसवरचे साधारण ६६.३ टक्के गुण जिंकत असतो, आणि ८० टक्के गेम राखणारा ६३.३ टक्के. गेममध्ये पाच टक्क्यांचा दिसणारा फरक गुणांत तीन टक्क्यांचाच असतो. गेम हा लहान फरक फुगवून दाखवतो. टायब्रेकरमध्ये पहिल्या बारा गुणांत दोघांना सहा-सहा सर्व्हिस मिळतात, म्हणून मनातल्या मनात उरलेलं खेळवण्याची तीच युक्ती इथेही लागू पडते. उत्तर येतं: अ ५५ टक्के, ब ४५.

अ चा पहिला सेट जिंकण्याचा आकडा झाला ४६.६ अधिक २३.८ चे ५५ टक्के, म्हणजे ५९.७ टक्के. रास्त भाव अ साठी १.६७, ब साठी २.४८. टायब्रेकर होण्याचा ४.२०, न होण्याचा १.३१. फलकावर हे आकडे अर्थातच दिसणार नाहीत. कंपनी त्यातून आपला नफा कापते आणि समजा १.६० आणि २.३५ लावते. या दोन भावांच्या शक्यता उलट काढून बेरीज केली तर १०५ टक्के होतात. वरचे पाच टक्के दुकानाचे. टायब्रेकरसारख्या बाजूच्या भावांत हा कट बहुधा मोठा ठेवला जातो.

एक गोष्ट इथेच सांगून टाकतो, कारण ती पुष्कळांना अडकवते. ‘अ पहिला सेट ७-६ ने जिंकेल’ याची शक्यता काय? टायब्रेकर २३.८, अ चा विजय ५९.७, दोन्ही गुणले, १४.२, असं करता येत नाही. टायब्रेकरपर्यंत सेट गेला याचाच अर्थ अ ला आपली वरचढ बाजू वापरता आली नाही. तिथे त्याचे ५५ टक्केच धरायचे: १३.१.

आतापर्यंतच्या हिशेबात सर्व्हिस आधी कुणी केली हे मी कुठेच विचारलं नाही, हे चाणाक्ष वाचकांच्या लक्षात आलं असेल. विचारायची गरजच नव्हती. दहा गेममध्ये दोघांना पाच-पाच सर्व्हिस, ५-५ नंतर एकेक, टायब्रेकरमध्ये सहा-सहा. नाणेफेक कुणीही जिंको, सेट जिंकण्याची शक्यता तीच राहते. ६-३ होईल की ६-४ हे मात्र त्यावरून बदलतं. पण हे कागदावर. फ्रँक क्लासेन आणि यान माग्नुस या डच अभ्यासकांनी विम्बल्डनच्या १९९२ ते १९९५ या चार वर्षांतले जवळपास नव्वद हजार गुण तपासले, तेव्हा त्यांना आढळलं की सामन्याच्या अगदी पहिल्या गेममध्ये सर्व्हिस नेहमीपेक्षा कमी वेळा भेदली जाते. त्यामुळे पहिल्या सेटपुरता, आणि फक्त पहिल्या सेटपुरता, आधी सर्व्हिस करणाऱ्याला थोडा फायदा मिळतो. पुढच्या सेटमध्ये तसं होत नाही. तिथे आधी सर्व्हिस बहुधा मागचा सेट हरलेल्याकडे असते. म्हणून पहिल्या सेटचा भाव लावणाऱ्याने नाणेफेकीनंतर आकडा किंचित हलवला तर त्याला कारण आहे.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला घेतला, तिच्याकडे येतो. आपले दोन आकडे, ८५ आणि ८०, कितपत खरे? समजा ते प्रत्येकी दोनशे सर्व्हिस गेमवरून काढले आहेत. दोनशे गेम म्हणजे पुरुष खेळाडूचे पंधरा-वीस सामने. एवढ्या नमुन्यात निव्वळ योगायोगाने आकडा अडीच टक्क्यांनी इकडे-तिकडे होणं ही रोजची बाब आहे. खेळाडूची सर्व्हिस सुधारलेली नसते, बिघडलेली नसते, तरी आकडा हलतो. तर मग अडीच टक्क्यांनी चुकलो तर भावाचं काय होतं?

आधी एकट्या अ ला ८५ वरून ८७.५ वर नेऊ, ब ला ८० वरच ठेवू. अ ची पहिला सेट जिंकण्याची शक्यता ५९.७ वरून ६५ च्या जवळ जाते. भाव १.६७ वरून १.५४. हा बदल मोठा आहे. दुकानाचा सगळा कट त्यात बुडून जाईल. आणि टायब्रेकर? २३.८ वरून २४.७. भाव ४.२० वरून ४.०५. जवळजवळ जागचा हललाच नाही. अ ची सर्व्हिस भक्कम झाल्याने टायब्रेकर वाढायला हवा, पण दोघांमधली दरीही रुंदावली, आणि तिने तो तितकाच खाली ओढला.

आता दोघांनाही अडीच टक्क्यांनी वर नेऊ: अ ८७.५, ब ८२.५. पहिल्या सेटचा विजेता? ६०.५ टक्के, भाव १.६५. काहीच झालं नाही म्हणा ना. टायब्रेकर मात्र २७ टक्के, भाव ३.७०.

म्हणजे एकाच दोन आकड्यांतून निघणारे हे दोन भाव त्या आकड्यांकडे दोन वेगळ्या नजरांनी पाहतात. विजेत्याचा भाव दोघांमधल्या फरकावर चालतो. टायब्रेकरचा भाव मुख्यतः बेरजेवर चालतो, आणि फरक वाढला की खाली येतो. ९० आणि ७५ ची बेरीज ८५ आणि ८० इतकीच आहे, पण तिथे टायब्रेकर २०.३ टक्क्यांवर घसरतो. बेरीज ८० आणि ८० वर आणली तर २१.७. महिलांच्या टेनिसमधल्या साधारण ६५-६५ च्या जोडीत १४. आणि दोघेही ९२ टक्के गेम राखतात असं धरलं, म्हणजे बालेवाडीच्या त्या संध्याकाळसारखी जोडी, तर ४४ टक्के. ‘होणारच’ हा शब्द ४४ टक्क्यांसाठी फार मोठा आहे. अशा जोडीतही टायब्रेकर न होण्याची बाजूच भारी असते. तिन्ही सेट टायब्रेकरवर जाणं तर साधारण तेवीस सामन्यांत एकदा घडावं.

या फरक-बेरजेच्या भेदाला व्यवहारात फार मोल आहे, कारण चुका दोन जातींच्या असतात. खेळाडूचा खांदा दुखतोय हे कळलं नाही, तर एकाचाच आकडा चुकतो, आणि मार बसतो विजेत्याच्या भावाला. पण कोर्ट जलद आहे हे कळलं नाही, चेंडू हलका उडतोय हे कळलं नाही, तर दोघांचेही आकडे एकाच दिशेने चुकतात. पुणं समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटरवर आहे, माद्रिद साडेसहाशेच्या पुढे. विरळ हवेत सर्व्हिस अधिक वेगाने येते, परतवणाऱ्याला वेळ कमी मिळतो, आणि ही सवलत दोघांनाही मिळते. अशा ठिकाणी मैदानसपाटीच्या आकड्यांवरून काढलेला विजेत्याचा भाव बरोबर निघेल आणि टायब्रेकरचा भाव फसेल.

या साऱ्या हिशेबाखाली एक गृहीतक दबलेलं आहे: प्रत्येक सर्व्हिस गेम सारखा आणि आधीच्या गेमपासून स्वतंत्र. ४-४ वर हात थरथरत नाही, ब्रेक मिळाल्यावर अंगात वारं भरत नाही, असं धरलं आहे. क्लासेन आणि माग्नुस यांनी हेच तपासलं होतं. २००१ मध्ये छापलेला त्यांचा निष्कर्ष असा, की गृहीतक काटेकोरपणे खरं नाही. आधीचा गुण जिंकल्याचा थोडा परिणाम असतो, आणि महत्त्वाच्या गुणावर सर्व्हिस करणाऱ्याला थोडं जड जातं. पण हे विचलन लहान आहे, आणि भाव काढण्यासाठी गृहीतक चांगलं कामाला येतं. मला त्यांचं उत्तर पटतं. गृहीतकाने होणारी चूक ही आकडे चुकीचे घेतल्याने होणाऱ्या चुकीपेक्षा सहसा लहान असते.

सर्व्हिसचा विषय निघाला की जॉन इस्नर आणि निकोला माउ यांचं नाव निघतंच. विम्बल्डन २०१०, तीन दिवस, अकरा तास पाच मिनिटं, पाचवा सेट ७०-६८. दोन टायब्रेकर वगळता त्या सामन्यात १८१ सर्व्हिस गेम झाले आणि त्यातले फक्त तीन भेदले गेले. म्हणजे दोघांनी मिळून ९८ टक्क्यांहून जास्त गेम राखले. आपल्या हिशेबात ९८-९८ घातले तर पहिल्या सेटमध्ये टायब्रेकर होण्याची शक्यता ७९ टक्के येते. पण त्या सामन्याचा पहिला सेट ६-४ वर संपला आणि दुसरा ३-६ वर. तीन ब्रेकपैकी दोन पहिल्या एकोणीस गेममध्येच येऊन गेले होते.

यावरून हिशेब चुकला असं म्हणता येत नाही, आणि बालेवाडीच्या तीन टायब्रेकरवरून तो बरोबर ठरला असंही म्हणता येत नाही. एका सामन्याने काहीच ठरत नाही. तपासायचं तर ज्या ज्या सेटना आपण २४ टक्क्यांच्या आसपास शक्यता दिली, असे चारशे सेट गोळा करायचे. त्यात ९६ टायब्रेकर अपेक्षित. योगायोगाची लहर आठ-नऊच्या घरातली असते, म्हणून ८८ आले किंवा १०४ आले तर चिंता नाही. १२५ आले तर मात्र कुठेतरी पाणी मुरतंय.

कुठे मुरतंय, तेही याच वहीतून कळतं. त्याच चारशे सेटमध्ये विजेत्यांचे आकडेही ताडून पाहायचे: ज्यांना आपण ६० टक्के दिले ते साठाच्या आसपास जिंकले का? विजेते जुळले आणि टायब्रेकर जास्त निघाले, तर दोघांच्याही सर्व्हिसचे आकडे सारखेच कमी धरले गेलेत. मग कोर्ट, चेंडू, उंची, छताखालचा सामना यांच्याकडे बघायचं. टायब्रेकर जुळले आणि विजेते चुकले, तर दोघांमधला फरक चुकलाय. मग समोरच्याची परतीची ताकद वजा करायची राहिली का, दुखापत नजरेतून सुटली का, की पंधरा सामन्यांच्या तोकड्या आकड्यावर फार विश्वास टाकला, हे एकेका खेळाडूच्या नावापुढे बोट ठेवून तपासायचं.